दोन सालांवर पसरलेलं वर्ष

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याच्या बायबलमध्ये त्यांच्या जन्माचं साल ‘१७३१/२’ असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्याला साल आठवत नव्हतं, असं नाही. तेव्हा इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, पण बरेच लोक व्यवहारात १ जानेवारीही धरायचे. वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या कॅलेंडरनुसार ११ फेब्रुवारीचा. एका हिशेबाने ते १७३१ साल, दुसऱ्या हिशेबाने १७३२. वाचणारा कोणता हिशेब धरेल हे माहीत नसल्यामुळे दोन्ही आकडे लिहिण्याची पद्धत होती. आपण फायनान्स विभागाला मेल लिहिताना `2024-25` असं लिहितो, तेव्हा हीच जुनी अडचण सोडवत असतो.

१७५२ मध्ये इंग्लंडने नवं वर्ष १ जानेवारीवर आणलं आणि कॅलेंडर दुरुस्त करताना सप्टेंबरमधले ११ दिवस गाळले. पैशांचं वर्ष मात्र कापलं नाही. करवसुलीचे दिवस कमी होऊ नयेत म्हणून ते पुढे सरकलं, आणि ब्रिटनमध्ये व्यक्तींचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. तारखांचं वर्ष आणि पैशांचं वर्ष तिथे वेगळं झालं ते कायमचंच.

तिमाहीची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. जुन्या इंग्लंडमध्ये खंड-भाडं चुकतं करण्याचे चार दिवस ठरलेले होते : २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. त्यांना क्रमांक नव्हते. लेडी डे, मिडसमर, मायकेलमस, ख्रिसमस अशी नावं होती. ‘मायकेलमसचं भाडं’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यासमोर एकच तारीख यायची. आज आपण `Q2` म्हणतो, त्यात ही सोय उरलेली नाही. क्रमांक कळायला मोजणी कुठून सुरू झाली ते आधी माहीत असावं लागतं, आणि ते त्या दोन अक्षरांत कुठेच लिहिलेलं नसतं.

मोजणीची सुरुवात तर देशोदेशी बदलत गेली. ब्रिटिश भारतात सरकारी वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल असायचं, १८६७ पासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च झालं. जपानने १८८६ पासून एप्रिल ते मार्च धरलं. अमेरिकेचं संघराज्य सरकार १८४३ मध्ये जानेवारीवरून जुलैवर गेलं आणि १९७६ मध्ये जुलैवरून ऑक्टोबरवर. त्या शेवटच्या बदलात जुलै ते सप्टेंबर १९७६ ही तिमाही ना जुन्या वर्षात बसली ना नव्या. तिला कोणत्याही वर्षाचा क्रमांक न देता ‘संक्रमण तिमाही’ असं वेगळंच नाव दिलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ओढूनताणून क्रमांक दिला असता, तर तुलनेचा प्रत्येक तक्ता चुकला असता.

एकच आकडा लिहायचा तर कोणता, यावरही एकमत झालं नाही. अमेरिकेत वर्ष ज्या सालात संपतं त्याचं नाव त्याला देतात. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ हे त्यांचं २०२५. जपानमध्ये सुरुवातीच्या सालाचं नाव देतात, म्हणून एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे त्यांचं २०२४. नेमक्या त्याच बारा महिन्यांना भारतातल्या कंपन्या बोलताना `FY25` म्हणतात.

या गोंधळातून प्रत्यक्षात काय होतं, ते मी एका देखभाल कराराच्या बाबतीत पाहिलं. कराराचं बिल दर तिमाहीनंतर यायचं आणि कार्यालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च होतं. मार्च २०२५ च्या अखेरीस एका सहकाऱ्याने फायनान्सला लिहिलं : `Q1 25` च्या देखभालीची तरतूद करा. त्याच्या मनात जानेवारी ते मार्च २०२५ होतं, कारण तो भिंतीवरच्या कॅलेंडरची पहिली तिमाही मोजत होता. फायनान्सने ते `FY25` ची पहिली तिमाही, म्हणजे एप्रिल ते जून २०२४ असं वाचलं. ते बिल केव्हाच चुकतं झालं होतं, म्हणून ‘आधीच नोंदलं आहे’ असं उत्तर गेलं. दोघांनाही आपलं बोलणं पूर्ण झालं असं वाटलं. ३१ मार्चला तरतूद झाली नाही, एप्रिलमध्ये बिल आलं आणि ते नव्या वर्षाच्या खर्चात बसलं.

चूक जूनच्या आढाव्यात दिसली. त्या एका कराराचा तिमाही खर्च अंदाजपत्रकाच्या बरोबर दुप्पट होता, कारण एप्रिल ते जूनची तरतूदही त्यातच होती. अशी चूक शोधायची तर बिलाच्या तारखेकडे पाहून उपयोग नाही, ती एप्रिलचीच असते. बिलावरचा सेवेचा कालावधी पाहायचा आणि तो नोंदीच्या वर्षाबाहेर पडतो का ते तपासायचं. मेलमध्ये ‘जानेवारी ते मार्च २०२५’ एवढं असतं, तर हे काहीच करावं लागलं नसतं.

दोन्ही सालं लिहिण्याची पद्धत चांगली असली तरी तिच्यातही एक खाच आहे. तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ पहिल्यांदा १९८८ मध्ये आलं, आणि त्यात साल-महिना `YYYY-MM` असा लिहितात. त्या नियमाने `2011-12` म्हणजे डिसेंबर २०११. एक्सेलच्या कोऱ्या चौकटीत हे टाइप केलं की बहुतेक वेळा तो महिनाच धरला जातो. `2012-13` पासून प्रश्न मिटतो, कारण तेरावा महिना नसतो. पण `2000-01` ते `2011-12` ही बारा वर्षं जुन्या तक्त्यांत अशीच फसवतात. आधी `FY` लावलं की चौकट ते मजकूर म्हणूनच ठेवते.

भारतात याच्या जोडीला करनिर्धारण वर्षही होतं : २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी २०२५-२६. दोन्ही नावांचा साचा एकच, त्यामुळे मागेपुढे काही लिहिलं नसेल तर कोणतं वर्ष ते ओळखता येत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आणली. आधीच्या वर्षांच्या मेलमध्ये मात्र कोणतं वर्ष ते शब्दांत लिहावंच लागेल.

मी स्वतः मेलच्या विषयात आणि पहिल्या उल्लेखात असं लिहितो :

```
FY 2024-25 Q4 (1 Jan 2025 - 31 Mar 2025)
```

त्या मेलमध्ये पुढे नुसतं `Q4` चालतं. मेलची साखळी पुढच्या वर्षात गेली, की मी पुन्हा पूर्ण लिहितो. `FY25`, `24-25` आणि `2024-25` असं आलटून पालटून लिहायचं नाही, कारण नंतर शोधताना एक लिहिलं की बाकीचे मेल सापडत नाहीत.

कंसात नुसते महिने न लिहिता पूर्ण तारखा लिहिण्यामागे एक कारण आहे. काही कंपन्या, विशेषतः किरकोळ विक्रीतल्या, वर्ष बावन्न आठवड्यांचं धरतात आणि काही वर्षांनी एकदा त्रेपन्न आठवड्यांचं. त्यांची तिमाही ठरलेल्या वारी संपते, महिनाअखेरीला संपेलच असं नाही. तिथे ‘जानेवारी ते मार्च’ हेही पुरेसं नेमकं नसतं.