दिवसपाळीचा दर वेगळा, रात्रपाळीचा वेगळा : गाळेधारकांसाठी माहितीपत्रक

उद्यमबागेतल्या आपल्या आवारात हेस्कॉमचं एकच एचटी कनेक्शन आहे. ११ केव्हीची लाइन, एक ट्रान्सफॉर्मर, एक मोठा मीटर आणि आत प्रत्येक गाळ्याला सब-मीटर. महिन्याचं बिल आमच्या नावावर येतं आणि ते आम्ही सगळ्यांत वाटून घेतो, वर पैसा चढवत नाही. आजवर ही वाटणी सरसकट युनिटवर होती. पुढच्या तिमाहीपासून दिवसपाळी आणि रात्रपाळी यांचे दर वेगळे राहतील. ते कसे काढले आणि का, हे या पत्रकात आहे. कन्नड प्रत ऑफिसात ठेवली आहे.

आधी बिलाचे दोन भाग वेगळे करून पाहू. एक भाग युनिटचा : जेवढी वीज जाळली तेवढे पैसे. दुसरा भाग डिमांड चार्जचा. एकाच वेळी आवाराने जास्तीत जास्त किती भार ओढला, यावर तो लागतो आणि केव्हीएमध्ये मोजतात. मोठा मीटर दर १५ मिनिटांची सरासरी धरत जातो आणि महिनाभरातली सर्वांत मोठी सरासरी बिलावर चढते. उरलेला महिना तुम्ही कितीही जपून चालवा, तो आकडा खाली येत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर, पॅनेल आणि केबल यांचा खर्चही याच जातीचा आहे. तो वापरावर नसतो, किती मोठा भार झेलायची तयारी ठेवली त्यावर असतो. या सगळ्याला आपण क्षमतेचा खर्च म्हणू.

आता आकडे. हे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या बिलातले नाहीत. समजा युनिटचा दर ७ रुपये, आणि एक केव्हीए क्षमता ठेवायला महिन्याला ४०० रुपये. दिवसपाळी ८ तासांची, रात्रपाळीही ८ तासांची, महिन्यात २५ दिवस. म्हणजे प्रत्येक पाळीचे २०० तास. पॉवर फॅक्टर एक धरू, म्हणजे एक केव्हीए भार २०० तास चालला की २०० युनिट होतात. पाळ्यांच्या मधल्या वेळेत आवार जवळपास थंड असतं, ती वेळ सोडून देऊ.

दिवसा लेथ, सीएनसी, ग्राइंडर, कॉम्प्रेसर असा मिळून २०० केव्हीए भार आहे. रात्री ८० आहे. क्षमता २०० ची लागते, खर्च ८०,००० रुपये. दोन्ही पाळ्यांची युनिटं मिळून ५६,००० होतात. जुन्या पद्धतीने ८०,००० ला ५६,००० ने भागलं की युनिटमागे साधारण १ रुपया ४३ पैसे. सगळ्यांना एकच दर, ८ रुपये ४३ पैसे. रात्रपाळीवाल्यांच्या १६,००० युनिटांवर क्षमतेचे जवळजवळ २२,९०० रुपये पडले.

हे बरोबर आहे का, ते तपासायची आमची कसोटी अशी : हा भार उद्या काढून घेतला तर क्षमतेचा खर्च कितीने उतरेल? रात्रीचा सगळा ८० केव्हीए भार बंद केला तरी दिवसाला २०० लागतातच. एक रुपयाही कमी होत नाही. उलट दिवसाचा एक केव्हीए कमी झाला तर ४०० रुपये वाचतात, आणि एक वाढला तर ४०० वाढतात. म्हणून क्षमतेचा खर्च दिवसपाळीने भरावा. ४०० भागिले २०० तास, म्हणजे युनिटमागे २ रुपये. दिवसाचा दर ९, रात्रीचा ७. दिवसाच्या ४०,००० युनिटांवर २ रुपये, बरोबर ८०,००० जमले.

या दरांवर एका दिवसपाळीवाल्या गाळेधारकांनी विचारलं, “अहो, रात्री ट्रान्सफॉर्मर झोपतो काय? तेही त्याच्यावरच चालवतात ना?” प्रश्न रास्त आहे. रात्रपाळी ट्रान्सफॉर्मर वापरते, हे खरं. पण तो दिवसासाठी एवढा मोठा ठेवला आहे आणि रात्री अर्ध्याहून जास्त रिकामा असतो. रिकाम्या जागेत कुणी भार टाकला म्हणून कुणाचंच काही वाढत नाही. एकच दर लावला तर मात्र काय होतं, ते आपण पाहिलं आहे : ज्याचं काम रात्री सरकण्यासारखं आहे तोही दिवसालाच चालवतो, कारण सरकवून त्याला काही मिळत नाही, आणि मोठ्या मीटरचा आकडा चढत राहतो.

ही विचारसरणी आमची नाही. फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीत काम करणाऱ्या मार्सेल ब्वातो यांनी १९४९ मध्ये ती नीट मांडली. अमेरिकेत पीटर स्टायनर यांनी १९५७ मध्ये तेच स्वतंत्रपणे काढून दाखवलं. ब्वातो पुढे त्याच कंपनीचे प्रमुख झाले, म्हणजे कागदावरचा हिशेब प्रत्यक्ष बिलात उतरवायची संधी त्यांना मिळाली. आपल्यासाठी त्यांचा जो भाग सर्वांत कामाचा, तो पुढचा आहे.

वर मांडलेला हिशेब दिवसाचा भार रात्रीपेक्षा ठळकपणे मोठा असेपर्यंतच चालतो. समजा गाळ्यांत बदल झाला. हीट ट्रीटमेंटची विजेची भट्टी आली, बर्फवाले आले, ज्यांना रात्री चालवणं जमतं असे लोक वाढले. एकच दर असताना आता दिवसाचा भार १६५ आणि रात्रीचा १४५ आहे. शिखर दिवसाचं, म्हणून आपण ९ आणि ७ लावले. दोन रुपयांचा फरक पाहून लोकांनी काम हलवलं : दिवसाचा भार १४० झाला, रात्रीचा १७०. आता शिखर रात्रीचं! क्षमता १७० ची लागते, खर्च ६८,०००. जमले किती? दिवसाच्या २८,००० युनिटांवर २ रुपये, म्हणजे ५६,०००. बारा हजारांची तूट, आणि ज्या पाळीमुळे क्षमता लागते तिच्यावर क्षमतेचा छदामही नाही.

मग दर उलटे करावेत का? दिवसाला ७, रात्रीला ९? लोक परत दिवसाकडे येतात : दिवसा १९०, रात्री १२०. पुन्हा तूट, या वेळी २८,००० ची. दर तिमाहीला असं उलटसुलट करत बसलो तर तुम्ही कामगारांच्या पाळ्या कशा लावणार?

अशा वेळी २ रुपयांचा बोजा कुणा एकावर टाकायचा नसतो, दोन्ही पाळ्यांत वाटायचा असतो. किती वाटायचा, याचं उत्तर भार देतो. दोन्ही पाळ्यांचा भार समान होईल असा फरक शोधायचा. वरच्या आकड्यांत दर चार रुपयांनी फिरला (२ रुपये महाग ते २ रुपये स्वस्त), तेव्हा दिवसाचा भार ५० ने हलला. म्हणजे रुपयाला साडेबारा केव्हीए. फरक नसताना दिवस १६५, रात्र १४५. समान व्हायला दिवसातून १० हलायला हवेत. त्याला ८० पैशांचा फरक पुरतो. तेव्हा दिवसाला १ रुपया ४० पैसे, रात्रीला ६० पैसे. मिळून दोन रुपयेच. दर झाले ८.४० आणि ७.६०. भार दोन्हीकडे १५५, खर्च ६२,००० आणि वसुली : ३१,००० युनिटांवर १.४० प्रमाणे ४३,४००, आणखी ३१,००० वर ६० पैशांप्रमाणे १८,६००. बेरीज ६२,०००. तूट नाही, जादाही नाही. आणि क्षमता १६५ ऐवजी १५५ ची पुरली.

रात्रपाळीवाल्यांनी ६० पैसे का भरायचे, हेही आता कसोटीवर घासून पाहा. दोन्ही पाळ्या काठोकाठ भरल्या आहेत. कुणाही एकाचा भार वाढला तर क्षमता वाढवावी लागते. ज्या पाळीला विजेची गरज जास्त, ती जास्त भरते. गरज जास्त म्हणजे जास्त दर देऊनही जी तेवढाच भार घेते. इथे ती दिवसपाळी आहे.

म्हणून दोन पाळ्यांतला फरक किती ठेवायचा, ते आम्ही तिमाहीचे भार पाहून ठरवू आणि तीन महिने हलवणार नाही. गणपतीत अकरा दिवस रात्रपाळी ओस पडते, ते दिवस हिशेबातून वगळू. नाहीतर रात्री भार नाही असं उगीच दिसेल.

दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. हेस्कॉमच्या बिलात वेळेनुसार युनिटचा दर बदलतो, तो फरक आमचा नाही. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत उद्योग-व्यापारी ग्राहकांसाठी शिखराच्या वेळेचा दर नेहमीच्या दराच्या किमान १.२ पट ठेवायचा आणि सौरऊर्जेच्या तासांत किमान २० टक्के कमी करायचा, असं आहे. कारण राज्याच्या ग्रीडवर ताण येतो तो संध्याकाळी, घराघरांत दिवे लागल्यावर आणि सूर्याची वीज मावळल्यावर. आपल्या ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो दुपारी. शिखरं दोन आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी आहेत. युनिटचा दर ज्या वेळी जो असेल तो तसाच तुमच्याकडे येईल. पाळीचा फरक आम्ही फक्त क्षमतेच्या खर्चावर लावतो. दोन्ही बिलात वेगळ्या ओळींत दिसतील.

या पद्धतीला एक भोक आहे. क्षमता १५ मिनिटांच्या शिखरावर लागते, आणि आम्ही ती युनिटवर वसूल करतो. ज्याचा भार दिवसभर सारखा आहे त्याला हे बरोबर बसतं. पण एखाद्या गाळ्यात वेल्डिंगचा मोठा सेट, कॉम्प्रेसर आणि भट्टी एकदमच सुरू होतात आणि बाकी वेळ शांतता असते. त्याचं काम थोडक्या युनिटांत भागतं आणि शिखर मात्र सगळ्यांच्या माथी बसतं. ओळखायचं असं : पाळीची युनिटं २०० तासांनी भागा. समजा २,००० युनिटं झाली, तर सरासरी १०. सब-मीटरवरचा एमडी आकडा, म्हणजे त्या गाळ्याने एका वेळी ओढलेला सर्वांत मोठा भार, १२ ते १५ असेल तर ठीक. ४० असेल तर तो गाळा आपल्या वापराच्या मानाने फार मोठी क्षमता अडवून बसला आहे. अशा गाळ्यांना क्षमतेचा खर्च युनिटवर न लावता केव्हीएवर लावू. त्यातही त्यांचा स्वतःचा एमडी आंधळेपणाने धरणार नाही, आवाराचं शिखर ज्या वेळी आलं त्या वेळी त्यांचा भार किती होता ते पाहू. सगळ्यांची शिखरं एकाच क्षणी येत नसतात. नुसती एमडींची बेरीज केली तर ती मोठ्या मीटरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त भरते, आणि जो मुद्दाम बाजूच्या वेळेत भट्टी लावतो त्याला शिक्षा होते.

पाळीचे तास दिवसाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५, रात्रीला १० ते पहाटे ६. मधल्या तासांना सध्या क्षमतेचा काही बोजा नाही. भार तिकडे वळू लागला तर त्यांनाही वाटणीत घेऊ. आपल्या गाळ्याचा गेल्या तिमाहीचा पाळीवार भार आणि एमडी यांचा कागद ऑफिसात तयार आहे, तो घेऊन जावा. आकड्यांत चूक वाटली तर महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगावं, म्हणजे सब-मीटर तुमच्यासमोर तपासून घेऊ.