व्हेक्टरस्कोपवरची त्वचेची रेषा आली कुठून?

चित्रणाचे रंग जुळवायच्या, म्हणजे ग्रेडिंगच्या, खोलीत कलरिस्टच्या शेजारी बसलं की एक तिरकी रेषा सारखी दिसते. व्हेक्टरस्कोप चित्रातले रंग एका वर्तुळात ठिपक्यांनी दाखवतो: कोन म्हणजे छटा, मध्यापासूनचं अंतर म्हणजे रंगाची तीव्रता. त्या वर्तुळात ही रेषा मध्यापासून निघून घड्याळातल्या अकराच्या दिशेने जाते. चेहऱ्याचे ठिपके तिच्यावर बसले की चेहरा 'बरोबर' आहे असं सांगितलं जातं. ही रेषा माणसांचे चेहरे मोजून कुणी ठरवली असेल असा बऱ्याच जणांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात ती 1953 सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचा उरलेला भाग आहे, आणि तिचा मूळ हेतू वेगळाच होता.

तेव्हाची अडचण जागेची होती. कृष्णधवल टीव्हीच्या एका वाहिनीला जेवढी जागा मिळे, त्यातच रंगही कोंबायचा होता आणि लोकांच्या घरातले जुने संच निकामीही होऊ द्यायचे नव्हते. रंगासाठी फार थोडी जागा उरली, म्हणून एनटीएससी या अमेरिकन रंगीत टीव्ही पद्धतीच्या अभियंत्यांनी डोळ्यालाच विचारलं: रंगाचा बारीक तपशील तुला कुठे दिसतो? उत्तर असं मिळालं की मध्यम आकाराच्या गोष्टींमधला फरक डोळा नारिंगी ते आकाशी-हिरवट या दिशेने सर्वांत चांगला टिपतो आणि हिरवा ते जांभळा या दिशेने फार कमी. मग नारिंगी-आकाशी अक्षाला जास्त जागा दिली, सुमारे 1.3 मेगाहर्ट्झ, आणि दुसऱ्याला साधारण अर्धा मेगाहर्ट्झ. पहिल्याचं नाव आय, दुसऱ्याचं क्यू. व्हेक्टरस्कोपवर आय अक्ष 123 अंशांवर येतो आणि माणसाच्या त्वचेचा रंग याच नारिंगी टोकाच्या आसपास पडतो. म्हणजे रेषा आखली ती डोळ्याच्या सोयीसाठी. त्वचा तिच्याजवळ असल्याचा फायदा मात्र त्यानंतर सगळ्यांनीच घेतला.

गंमत अशी की 1954 मध्ये बाजारात आलेल्या आरसीएच्या पहिल्या रंगीत संचाने आय-क्यूची ती जास्तीची जागा वापरली, पण पुढच्या बहुतेक स्वस्त संचांनी दोन्ही अक्षांना सारखंच वागवलं. अक्ष निरुपयोगी ठरला, तरी खूण राहिली. 1970 च्या दशकातल्या एसएमपीटीई कलर बारमध्ये, म्हणजे यंत्रं जुळवायच्या रंगपट्ट्यांच्या प्रमाणित चित्रात, खालच्या पट्टीत 'उणे आय' आणि 'अधिक क्यू' असे दोन चौकोन होते. स्कोप लावणाऱ्याला दिशा जुळवायला ते उपयोगी पडत, म्हणून आय रेषा स्कोपच्या काचेवरही छापली जायची.

त्वचेशी तिचं नातं खऱ्या अर्थाने घट्ट झालं ते टिंटच्या बटणामुळे. एनटीएससीमध्ये रंगाची छटा संदेशाच्या फेजवर, म्हणजे त्याच्या लहरीच्या पुढेमागे असण्यावर, अवलंबून असते. वाटेत फेज थोडी सरकली की चेहरे हिरवट किंवा जांभळट व्हायचे, आणि घरात बसलेला प्रेक्षक उठून बटण फिरवायचा. त्या काळात अमेरिकन कंपन्यांनी 'आपोआप टिंट' देणारे संच काढले. हे परिपथ त्वचेच्या जवळपासचे रंग ओढून आय अक्षाकडे नेत. चेहरे सुधारत, पण मूळ पिवळं किंवा तांबडं काही असेल तर तेही नारिंगीकडे ओढलं जाई. आजही घाईत केलेल्या ग्रेडिंगमध्ये नेमकी हीच चूक पाहायला मिळते, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

आपल्याकडे ही रेषा टीव्हीतून आलीच नाही. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा भारताने पाल पद्धत घेतली. पालमध्ये एकाआड एक ओळीत रंगाचा एक घटक उलटा पाठवतात, त्यामुळे फेजची चूक छटा बदलत नाही, फक्त रंग किंचित फिका करते. त्यात आय-क्यू नाहीत आणि घरच्या संचांवर टिंटचं बटण सहसा नसे. मुंबई-पुण्याच्या एडिट सूटमध्ये ही रेषा पोहोचली ती बरीच नंतर, सॉफ्टवेअरच्या स्कोपमधून. आजच्या डिजिटल प्रमाणांतही हा आय अक्ष उरलेला नाही. ज्या प्रतलावर स्कोप ठिपके काढतो त्यावर जुनी 123 अंशांची दिशा नुसती रेखाटलेली असते. तेव्हा ती नेम धरण्याची जागा मानू नये. सर्वसाधारण त्वचा कोणत्या बाजूला असते तेवढंच ती दाखवते.

ही रेषा सावळ्या चेहऱ्यालाही लागू पडते का, हा प्रश्न रास्त आहे. हिशोब करून पाहू. एका चेहऱ्याचा नमुना घ्या: लाल 200, हिरवा 150, निळा 120. आजच्या एचडी प्रमाणाने तो 128 अंशांच्या आसपास येतो, रेषेपासून थोडा पिवळ्याकडे. आता तिन्ही आकडे निम्मे करा, 100, 75, 60. कोन तोच राहतो, फक्त मध्यापासूनचं अंतर निम्मं होतं. त्वचेतलं मेलॅनिन आणि रक्ताचा तांबूसपणा यांमुळे छटा अरुंद पट्ट्यात राहते. फिका-गडद हा फरक मुख्यतः उजळपणात आणि मध्यापासूनच्या अंतरात दिसतो. म्हणून गडद चेहऱ्याचे ठिपके मध्याजवळ दाटतात. त्यांना गोऱ्या चेहऱ्याइतकं लांब ओढायला गेलं की चेहरा तांब्यासारखा भगभगीत होतो. कोन पाहायचा, लांबी त्या माणसाची त्यालाच राहू द्यायची.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. खोलीत ट्यूबलाइट, त्यात हिरवट झाक, आणि समोर बसलेल्या बाईंनी हळदीच्या रंगाची साडी नेसलेली. चेहऱ्याचा नमुना 190, 156, 120 येतो, म्हणजे कोन साधारण 140 अंश. अख्ख्या चौकटीचा स्कोप पाहून काही कळत नाही, कारण साडीचे ठिपके पिवळ्या बाजूला पसरून चेहऱ्याचे झाकून टाकतात. म्हणून आधी कपाळ आणि गाल एवढ्याच भागावर खिडकी लावून बाकीचं कापायचं. ओठ, डोळे आणि साडीची परावर्तित झाक पडलेली हनुवटी यांत घ्यायची नाही. मग मागची पांढरी भिंत किंवा डोळ्यांचा पांढरा भाग मध्याशी येतो का ते बघायचं. ते पांढरंही हिरव्याकडे सरकलेलं असेल तर दोष उजेडाचा आहे. तेव्हा चेहरा एकटा न पकडता सबंध चित्राचं टिंट किंचित मॅजेंटाकडे न्यायचं. चेहऱ्याचा कोन 128 ते 130 पर्यंत आला की मी थांबतो आणि पडद्याकडे पाहतो. पांढरं जागेवर असूनही चेहरा पिवळट दिसत असेल, तर झाक साडीची किंवा मेकअपची असण्याचा संभव आहे. ती तशीच ठेवावी की काढावी हे दिग्दर्शकाला विचारून ठरवायचं.

ठिपक्यांचा आकारही बोलतो. निरोगी चेहऱ्याचा पुंजका पंख्यासारखा थोडा पसरलेला असतो, कारण गाल तांबूस आणि कपाळ पिवळसर असतं. ह्यू, म्हणजे छटा, निवडून सगळी त्वचा रेषेवर बळंच बसवली की पुंजका सुईसारखा बारीक होतो, आणि पडद्यावर मेणाचा चेहरा दिसतो. असा शॉट परत आला तर मी निवडीची मऊ कड वाढवतो आणि दुरुस्ती निम्म्यावर आणतो. तेवढ्याने पंखा पुन्हा उघडतो.

शेकोटीजवळचा किंवा सूर्यास्तातला चेहरा रेषेवर यायलाच हवा असं नाही. तिथे रेषेपासूनचं अंतर मी वहीत टिपून ठेवतो, म्हणजे त्याच प्रसंगातल्या पुढच्या शॉटमध्ये तेवढंच अंतर राखता येतं.