आधी पान शोधा, फोटो मग सापडतात

जुन्या अल्बमचं पान स्कॅनरच्या काचेवर पालथं घातलं की एकाच फाइलमध्ये चार-पाच फोटो येतात. कुणी किंचित डावीकडे कललेला, कुणी उजवीकडे. प्रत्येक फोटो वेगळा, सरळ आणि नेमक्या कडेवर कापलेला हवा असेल तर हाताने चौकट ओढत बसता येतं, पण दोनशे पानांचं काम असेल तर ते संगणकाकडेच सोपवावं लागतं. फोटोशॉपमध्ये `File > Automate > Crop and Straighten Photos` अशी सोय बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि ओपनसीव्ही ही मोफत लायब्ररी वापरून तेच काम स्वतःलाही करता येतं. दोन्हींचा अनुभव सारखाच असतो: एका पानावर काम चोख होतं, तर पुढच्या पानावर अर्धा फोटो गायब होतो नाहीतर दोन फोटो एकाच फाइलमध्ये येतात. हे असं का होतं ते कळलं की उपायही सापडतो.

मुळात संगणक फोटो शोधत नाही. फोटोत काय असेल याचा काहीच नेम नसतो. काळा कोट असेल, पांढरं आकाश असेल, नाहीतर राखाडी भिंत. पान मात्र बहुतेक एकाच रंगाचं असतं. म्हणून पान कुठे आहे ते ठरवायचं आणि जे पान नाही तो फोटो समजायचा. पुढचं सगळं यश या पहिल्या पायरीवर अवलंबून असतं.

एक पान घेऊन बघू. काळ्या जाड कागदाचा, मध्ये बटर पेपर असलेला जुन्या पद्धतीचा अल्बम. पानावर साडेतीन बाय पाच इंची तीन कृष्णधवल फोटो, दोन उभे आणि एक आडवा, आणि शेजारी सहा सेंटीमीटरचा एक चौकोनी. सगळ्यांना पांढरी बॉर्डर. पान ए-फोर काचेवर मावतं आणि आपण ते 600 डीपीआयला स्कॅन केलंय, म्हणजे चित्र सुमारे 4960 × 7016 पिक्सेलचं झालं. शोधाशोध करायला एवढा तपशील लागत नाही. म्हणून आधी आठपट लहान, 620 × 877 पिक्सेलची प्रत करायची. तिच्यात मोठा फोटो 262 × 375 पिक्सेलचा दिसतो आणि एक पिक्सेल म्हणजे साधारण एक तृतीयांश मिलिमीटर.

आता कागदाचा रंग ठरवायचा. उजळपणा 0 ते 255 असा मोजतात. जुना काळा कागद विटून तपकिरी झालेला असतो, त्यामुळे तो 0 कधीच येत नाही. आपल्या पानावर तो 45 च्या आसपास आहे असं धरू. काळं आणि पांढरं वेगळं करणारी सीमा आपोआप शोधण्याची एक प्रसिद्ध रीत नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 साली मांडली. सगळ्या पिक्सेलचे दोन गट पाडायचे आणि ते एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील अशी सीमा निवडायची. छापील मजकुराच्या पानावर ही रीत उत्तम चालते. अल्बमच्या पानावर मात्र फोटोंमधल्या करड्या छटाही हिशोबात शिरतात आणि सीमा भलतीकडे ओढली जाते. माझं मत असं की इथे कागदाचाच नमुना घ्यावा. पानाच्या कडेच्या रिकाम्या पट्टीतले पिक्सेल मोजले तर कागद 35 ते 55 च्या दरम्यान हलतो हे दिसेल. मग थोडी ढील ठेवून 75 च्या वर जे असेल ते कागद नाही, असं म्हणता येतं.

पण फोटोतले काळेभोर केस किंवा कोटही 75 च्या खालीच असतात. नुसत्या सीमेवर विसंबलो तर फोटोला भोकं पडतील. यावरची युक्ती फार सुंदर आहे. भातखाचरात पाणी सोडलं की ते बांधापाशी अडतं आणि बांधापलीकडचा तुकडा सखल असला तरी कोरडा राहतो. तसंच पानाच्या कडेपासून आत शिरायचं. शेजारचा पिक्सेल काळा असेल तर त्यालाही पान म्हणायचं, मग त्याच्या शेजाऱ्याला, असं पुढे सरकत राहायचं. पांढरी बॉर्डर आली की थांबायचं. केस काळे असले तरी ते बॉर्डरच्या आत आहेत, तिथवर हे पाणी पोचत नाही. शेवटी जी कोरडी बेटं उरतात ते आपले फोटो.

बांध फुटला की मात्र गडबड होते. बॉर्डर कुठे फाटलेली असते, कुठे तिच्यावर शाईचा डाग असतो, आणि त्या फटीतून पाणी आत शिरून अख्खा काळा कोट गिळून टाकतं. म्हणून आधी उजळ भाग सगळ्या बाजूंनी काही पिक्सेलने फुगवतात आणि मग तेवढाच आकसतात. फुगवताना बारीक फटी बुजतात, आणि आकसल्यावर बाहेरची कड मूळ जागी येते. किती फुगवायचं यालाही मर्यादा आहे. आपल्या पानावर दोन फोटोंमध्ये 3 मिलिमीटरचं अंतर असेल तर लहान प्रतीत ते 9 पिक्सेल भरतं. दोन्ही बाजूंनी पाच-पाच पिक्सेल फुगवलं तर मधली काळी पट्टी बुजून शेजारी चिकटतील. दोन-दोन पिक्सेल पुरे. तेवढ्याने चार पिक्सेलपर्यंतची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपासची फट बुजते.

बेटं मिळाली, आता त्यांचा कल मोजायचा. प्रत्येक बेटाची बाहेरची टोकं जोडून एक बहुभुज काढतात आणि त्याला पुरेल असा सर्वांत कमी क्षेत्रफळाचा आयत शोधतात. असा आयत कितीही कोनांत फिरवून बघता येईल, मग शोध संपणार कधी? फ्रीमन आणि शपिरा यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं की सर्वांत लहान आयताची एक बाजू या बहुभुजाच्या एखाद्या बाजूवर टेकलेलीच असते. म्हणजे जेवढ्या बाजू तेवढेच कोन तपासायचे. ओपनसीव्हीमधलं `minAreaRect` हेच काम करतं. फोटो अडकवायचे काळे कोपरे इथे आड येत नाहीत. त्यांनी फोटोची टोकं झाकली तरी चारही बाजूंचा मधला भाग दिसत असतो आणि आयत त्यावर नीट टेकतो. त्रास देतं ते बाहेर आलेलं काहीतरी, उदाहरणार्थ कडेला चिकटलेला कागदाचा कपटा. त्याच्यासाठी आयत मोठा होतो आणि कधी तिरकाही होतो.

या टप्प्यावर एक तपासणी करावी. बेटाचं क्षेत्रफळ भागिले आयताचं क्षेत्रफळ. एकटा फोटो असेल तर उत्तर 1 च्या अगदी जवळ येतं. आपल्या पानावरचे दोन उभे फोटो शेजारी चिकटले आहेत आणि एक 60 पिक्सेल खाली घसरला आहे असं समजा. दोघांचं मिळून क्षेत्रफळ 1,96,500 पिक्सेल आणि भोवतीचा आयत 524 × 435, म्हणजे 2,27,940. भागाकार 0.86. एवढ्यावरून संशय घ्यायला हवा. दोन्ही फोटो अगदी एका रेषेत चिकटले असतील तर भागाकार फसवतो, तेव्हा आकारावरून ओळखायचं. साडेतीन बाय पाचच्या अल्बममध्ये अचानक सात बाय पाचचा फोटो आला तर ते बहुधा दोन आहेत.

लहान प्रतीवर काढलेला कोन शेवटच्या कापणीला पुरत नाही. 375 पिक्सेलच्या कडेवर टोकाशी एका पिक्सेलची चूक झाली तर कोन 0.15 अंशाने चुकतो. मूळ स्कॅनमध्ये त्याचे 8 पिक्सेल होतात, आणि एका बाजूला काळ्या कागदाची निमुळती पट्टी दिसू लागते. म्हणून परत मोठ्या चित्राकडे जायचं. प्रत्येक बाजूवर, टोकं सोडून मधल्या भागात, शंभरेक ठिकाणी कडेला काटकोनात चालायचं आणि काळा कागद संपून पांढरं कुठे सुरू होतं ते टिपायचं. त्या बिंदूंमधून रेषा बसवायची, जे बिंदू फारच बाजूला पडले असतील ते वगळायचे. कपट्याचा उपद्रव इथे संपतो. चार रेषा जिथे छेदतात ते फोटोचे खरे कोपरे, मग ते अल्बमच्या कोपऱ्यांखाली झाकलेले का असेनात. समोरासमोरच्या रेषा समांतर नसतील तर पान काचेवर सपाट बसलेलं नव्हतं, किंवा फोटोच मुळात वाकडा कापलेला आहे. जाड अल्बमच्या शिवणीजवळ हे हमखास होतं. सीआयएस जातीच्या पातळ स्कॅनरमध्ये काचेपासून जरा वर उचललेला भाग लगेच धूसरही होतो. सीसीडी स्कॅनर त्या बाबतीत बरेच सहनशील असतात.

सरळ करणं म्हणजे प्रत्येक नव्या पिक्सेलसाठी मूळ चित्रातली जागा शोधून आसपासच्या पिक्सेलवरून रंग ठरवणं. बायक्युबिक पद्धतीत असे 16 शेजारी धरतात. दर फेरीला चित्र किंचित मऊ होतं. म्हणून आधी अख्खं पान फिरवून मग फोटो पुन्हा थोडा फिरवणं टाळावं. मूळ स्कॅनमधून थेट, एकाच पायरीत, फिरवून कापावं.

सरळ कशाच्या हिशोबाने, हेही ठरवावं लागतं. डार्करूममध्ये कागद चौकटीत जरा तिरका बसला असेल तर बॉर्डरच्या आतलं चित्र कागदाच्या कडेशी अर्धा अंश तिरकं असतं. फोटो काढणाऱ्याचा हात कललेला असेल तर क्षितिज आणखी वेगळं. मी कागदाच्या कडेलाच प्रमाण मानते, आणि बॉर्डर तर ठेवतेच, वर भोवती मिलिमीटरभर काळं पानही राहू देते. नागमोडी कापलेल्या जुन्या बॉर्डरचे दात त्यामुळे शाबूत राहतात, आणि बॉर्डरवर छापलेला महिना किंवा वर्ष असेल तर तेही.

काळ्या पानावर हे सगळं जमून येतं. चिकट पानांच्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेल्या अल्बममध्ये मात्र पान पांढरं असतं आणि बॉर्डरही पांढरी. बांधच उरत नाही. तिथे रंग कामाला येतो. पान आणि गोंद वयाने पिवळे पडलेले असतात, आणि पिवळं म्हणजे निळ्या प्रकाशात काळपट. स्कॅनचा फक्त निळा चॅनल पाहिला तर साध्या नजरेला एकसारखं दिसणारं पान आणि बॉर्डर बऱ्यापैकी वेगळे पडतात. तेही जमलं नाही तर कडांवरून शोध घ्यावा लागतो. फोटोच्या जाडीमुळे स्कॅनरच्या दिव्याची बारीक सावली एका बाजूला पडते. ती तुटक असली तरी एका सरळ रेषेत असते. तुटक ठिपक्यांतून सरळ रेषा हुडकण्याची रीत पॉल हफ यांच्या 1962 च्या पेटंटमधून आली. बबल चेंबरच्या छायाचित्रांमधले कणांचे माग शोधण्यासाठी त्यांनी ती काढली होती. प्रत्येक ठिपका स्वतःमधून जाऊ शकणाऱ्या सगळ्या रेषांना मत देतो, आणि जिला भरपूर मतं मिळतात ती रेषा खरी. पण फोटोतल्या खिडकीची चौकट किंवा टेबलाची कडही अशीच मतं मिळवते, त्यामुळे इथे माणसाची नजर लागतेच. अशा अल्बममधून फोटो ओढून काढू नका, गोंदाला चिकटून मागचा कागद सोलला जातो. सुटे फोटो असतील तर त्यांच्यावर काळा कार्डशीट पसरून मगच स्कॅनरचं झाकण लावा. झाकणाच्या पांढऱ्या अस्तरामुळे उद्भवणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि कापणी झाली तरी अख्ख्या पानाचा स्कॅन पुसू नये. फोटोखाली पांढऱ्या शाईने लिहिलेली नावं पानावर असतात, फोटोवर नव्हे. फाइलला नाव देताना पानाचा क्रमांक आणि पानावरची जागा दोन्ही घातली, उदाहरणार्थ `p017_2.tif`, तर ते नाव नंतर त्या फोटोशी जोडता येतं.