नजर साफ, मग डोळ्यावर बीपी नाही?

"लांबचं-जवळचं सगळं स्वच्छ दिसतंय. मग बीपीनं डोळ्याला काही केलेलं नाही, बरोबर ना?"

नाही. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याचंच बघा. चष्म्याचा नंबर काढायला आले, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. बाहुली मोठी करणारे थेंब घालून आत पाहिलं, तर पडद्यावर कापसाच्या पुंजक्यासारखे दोन डाग आणि ज्योतीच्या आकाराचा रक्तस्राव. बीपी १९०/११०. डाग मधल्या बिंदूपासून लांब होते, म्हणून नजर शाबूत.

बीपीनं पडद्यावर होणाऱ्या बदलांच्या १९३९ च्या वर्गवारीत ही तिसरी पायरी. पहिलीत धमन्या बारीक होतात, दुसरीत त्या शिरेला ओलांडताना दाबतात. या दोन्हींवर डॉक्टरांचंही एकमत होईलच असं नाही. तिसरी मात्र बोलकी. कापसाचा डाग म्हणजे बारीक धमनी बंद पडून तिथल्या चेतातंतूंचा रक्तपुरवठा तुटलेला. असे डाग असणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका जास्त, म्हणून व्यापाऱ्यांना चष्म्याआधी फिजिशियनकडे धाडलं. तिथे तपासण्या: लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, ईसीजी. चौथ्या पायरीत डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नेत्रचेतेचं टोकच सुजतं. तेव्हा त्याच दिवशी ॲडमिट, आणि बीपी झटक्यात नव्हे, बेताबेतानं उतरवायचं.

उलट पडदा स्वच्छ दिसला, तरी गोळी बंद करायची नाही.