गुळाच्या तक्त्यातली अक्षरं कुठून आली?

प्रबंध जमा करायचे दिवस आले की फूड टेक्नॉलॉजीची पोरं एकाच तऱ्हेचा तक्ता घेऊन माझ्याकडे येतात. कोल्हापुरात त्या तक्त्यात बहुतेक वेळा गूळ असतो. खाली तसाच एक तक्ता आहे. आकडे मी समजावण्यापुरते बेतलेत, हाताने बेरीज करता यावी इतपत सोपे ठेवलेत. उसाचा रस साफ करायला काहींत भेंडीचा चिकट रस, काहींत हायड्रोस ही गंधकयुक्त पूड घातलेले गुळाचे चार नमुने आणि आठ चवपरीक्षक, प्रत्येकाने चारही नमुने चाखून चवीला १ ते ९ मध्ये गुण दिलेत.

```
नमुना               सरासरी ± प्रमाण विचलन
भेंडीचा गूळ           ७.५० ± १.०७  a
भेंडी + थोडा हायड्रोस   ७.०० ± १.३१  ab
फक्त हायड्रोस         ६.५० ± १.४१  bc
काहीही न घातलेला      ६.०० ± १.३१  c
```

अक्षरं वाचायची रीत सोपी आहे. दोन नमुन्यांत एखादं अक्षर सामाईक असेल, तर त्यांच्यातला फरक सिद्ध झालेला नाही. एकही सामाईक नसेल, तर झाला आहे. भेंडीच्या गुळाला 'ए' आणि साध्या गुळाला 'सी', म्हणजे फरक सिद्ध. तरी जर्नलचा परीक्षक हमखास विचारतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही: साडेसात उणे १.०७ म्हणजे ६.४३, सहा अधिक १.३१ म्हणजे ७.३१. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेत, मग हे वेगळे कसे?

उत्तर असं, की '±' नंतरचा आकडा आणि त्याच्या शेजारचं अक्षर हे एका चौकटीत बसलेले असले तरी एका घरचे नाहीत. त्यांची घरं शोधायची तर शंभरेक वर्षं मागे, इंग्लंडमधल्या एका शेतावर जावं लागतं.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली रॉथमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला. तिथला प्रश्न पंचगंगाकाठच्या कुठल्याही ऊसवाल्याला लगेच कळेल. एकाच रानात नदीकडची पट्टी काळी आणि कसदार, वरची पट्टी मुरमाड. एक खत खालच्या पट्टीत टाकलं आणि दुसरं वरच्या, तर उतारा खताने वाढला की मातीने, हे कोण सांगणार? फिशरने रानाचे ब्लॉक पाडले आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळी खतं चिठ्ठ्या टाकून वाटली. तुलना ब्लॉकच्या आतल्या आत करायची, आणि ब्लॉका-ब्लॉकांतला फरक हिशेबातून वेगळा काढून ठेवायचा. १९२५ च्या त्याच्या पुस्तकाने प्रचरण विश्लेषण, म्हणजे आपली 'अनोव्हा', प्रयोगशाळांत नेली. १९३५ च्या पुस्तकात तर त्याने चवीचाच प्रयोग घेतला: आठ कप चहा, चारांत दूध आधी, चारांत नंतर, आणि फरक ओळखता येतो म्हणणारी एक बाई. आठही कप निव्वळ अंदाजाने बरोबर लागण्याची शक्यता सत्तरात एक.

पुढे चव तपासणाऱ्यांनी ब्लॉकची कल्पना जशीच्या तशी उचलली, फक्त पट्टीच्या जागी माणूस ठेवला. कारण माणसंही मातीसारखीच असतात. वरच्या तक्त्यामागचा पाचवा परीक्षक गुऱ्हाळवाल्या घरातला आहे असं धरा. लहानपणापासून काहिलीच्या कडेला बसून ताजा गूळ खाल्लेला, त्याला सहजी काही पटत नाही. साध्या गुळाला त्याने ४ दिले, भेंडीच्या गुळाला ६. दुसरा परीक्षक उदार, त्याचे अनुक्रमे ८ आणि ९. साध्या गुळाला दोघांच्या आकड्यांत दुपटीचा फरक, पण भेंडीचा गूळ दोघांनाही जास्त आवडला. (परीक्षण सकाळी अकराच्या सुमारास घ्यावं. तांबड्या रश्श्यानंतर घेतलेले गुण मी तरी मोजत नाही.)

आता हिशेब बघू. बत्तीस गुणांचा सरासरीभोवतीचा एकूण चढउतार, वर्गांची बेरीज करून, ५६ भरतो. त्यातले ३९.५ निव्वळ परीक्षकांच्या कडक-उदारपणाचे, नमुन्यांतल्या फरकाचे १०, आणि उरलेले ६.५. परीक्षक हा ब्लॉक धरला तर नमुन्यांचा फरक त्या ६.५ शी ताडायचा. तेव्हा एफ, म्हणजे या दोहोंना आपापल्या स्वातंत्र्याच्या अंशांनी भागून काढलेलं गुणोत्तर, येतो १०.८, आणि फरक सिद्ध व्हायला लागतो साधारण ३.१, त्यामुळे फरक ठळक दिसतो. परीक्षक विसरून एकेरी अनोव्हा केली, तर ३९.५ आणि ६.५ एकत्र होऊन ४६ चा गाळ 'त्रुटी' म्हणून बसतो. मग एफ जेमतेम २ वर येतो, फरक सिद्ध होत नाही आणि चारही नमुन्यांना 'ए' मिळतो. गूळ तोच, जिभा त्याच, फक्त एक रकाना विसरला.

'±' नंतरचं प्रमाण विचलन याच गाळातून येतं. त्यात परीक्षकांचा सगळा कडक-उदारपणा आहे. अक्षरं आली आहेत तो गाळ काढून टाकल्यावर. म्हणून पट्टे एकमेकांवर चढूनही अक्षरं वेगळी राहू शकतात, आणि तक्त्यात काहीही चुकलेलं नसतं.

अक्षरांचा स्वतःचा इतिहास जरा भांडणाचा आहे. अनोव्हा सांगते की कुठेतरी फरक आहे. कुठे, ते सांगत नाही. चार नमुन्यांच्या जोड्या होतात सहा. फिशरची रीत अशी की आधी एफ सिद्ध होऊ दे, मग जोड्यांना एकच किमान फरक लावा. आपल्याकडच्या शेतीच्या प्रबंधांत तक्त्याच्या तळाशी जी 'सी.डी.' असते ती हीच. तिचा भारतातला प्रसार बराचसा पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ च्या पुस्तकामुळे झाला. त्यातले सुखात्मे आपल्या शेजारच्या, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. हरकत अशी होती की जोड्या वाढल्या की एखादी योगायोगानेच 'वेगळी' ठरण्याचा धोकाही वाढतो.

त्यावरचा मार्ग एका दारूच्या भट्टीतून आला. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारा गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत होता. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापातलं अंतर किती ताणू द्यायचं, हा विचार त्याने १९२७ साली मांडला. त्याच धाग्यावरून अमेरिकेत जॉन टुकीने पुढे आपली कसोटी बसवली. ती सहाही जोड्यांचा धोका एकत्र मिळून ५ टक्क्यांत ठेवते. १९५५ साली डेव्हिड डंकनने आपली बहुपल्ला कसोटी दिली. ती टुकीपेक्षा सैल आहे, त्यामुळे फरक जास्त सापडतात, आणि शेती-अन्नाच्या जर्नलांत ती तुफान लोकप्रिय झाली. माझं मत विचाराल तर ती लोकप्रिय होण्याचं कारण तेच आहे.

आपल्या गुळाला टुकीचा किमान फरक येतो ०.७८ आणि फिशरचा ०.५८. तक्त्यात लागोपाठच्या नमुन्यांत अर्धा-अर्धा गुणाचं अंतर आहे, म्हणून दोन्ही रीतींनी अक्षरं तीच येतात. अंतर ०.६५ असतं, तर फिशरने ते वेगळे ठरवले असते आणि टुकीने नाही. म्हणूनच तळटीपेत कसोटीचं नाव नसलेल्या अक्षरांना अर्थ नसतो.

डंकनच्या काळात सरासऱ्या चढत्या क्रमाने ओळीत मांडायच्या आणि ज्यांच्यात फरक नाही त्यांच्याखाली एकच रेघ ओढायची अशी रीत होती. पण तक्ता गुणांच्या क्रमाने नसला तर रेघ ओढणार कशी? अक्षर मात्र कुठेही बसतं. एक अक्षर म्हणजे एक रेघ, असं समजलं की 'एबी'चं कोडं सुटतं: तो नमुना दोन रेघांच्या टोकांवर आहे. म्हणजे तो दोघांच्या बरोबरीचा, असं नव्हे. दोघांपासून वेगळा काढण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच.

नऊ गुणांची पट्टी मात्र शेतातून आली नाही. ती अमेरिकन लष्कराच्या शिकागोतल्या अन्नसंस्थेत १९४० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड पेरियम आणि सहकाऱ्यांनी घडवली. सैनिकांना कुठलं जेवण आवडतं, हे त्यांना हवं होतं. पट्टी होती शेकडो सामान्य खाणाऱ्यांसाठी. आपण ती विभागातल्या आठ-दहा जणांवर वापरतो. त्यावरून 'ग्राहकांना भेंडीचा गूळ आवडतो' असं लिहू नये. 'या आठ परीक्षकांनी' एवढंच लिहावं.

आज हा जोड्यांचा हिशेब 'आर' या संगणक भाषेत दोन ओळींत होतो, आणि तिथेच एक खड्डा आहे.

```r
m <- aov(gun ~ namuna + factor(parikshak), data = gul)
TukeyHSD(m, "namuna")
```

परीक्षकांना १ ते ८ असे क्रमांक दिले आणि `factor` लिहायला विसरलात, तर आर त्यांना आकडे समजतो, जणू आठवा परीक्षक पहिल्याच्या आठपट आहे. एररही येत नाही. ओळखायची खूण `summary(m)` मध्ये: परीक्षकांसमोर `Df` ७ हवा. तिथे १ दिसला की थांबा.

या तक्त्याखाली मी पोरांना टीप लिहायला लावतो ती अशी: 'सरासरी ± प्रमाण विचलन, परीक्षक ८, परीक्षक ब्लॉक धरून दुहेरी अनोव्हा, सामाईक अक्षर नसलेल्या सरासऱ्यांत टुकी कसोटीनुसार ५ टक्के पातळीवर फरक, किमान फरक ०.७८, ए म्हणजे सर्वाधिक गुण.' शेवटचा तुकडा लोक गाळतात, आणि काही जर्नलांत 'ए' सर्वात कमीला देतात, तेव्हा वाचणारा उलटं वाचतो.

एक गोष्ट मात्र या टिपेनेही झाकली जात नाही. सातव्या परीक्षकाने भेंडीच्या गुळाला ७ दिले, पण थोडा हायड्रोस घातलेल्याला ५, जिथे बाकीच्यांची सरासरी सव्वासातच्या वर आहे. त्याला गंधकाचा वास खरंच लागला, की त्या दिवशी जीभ चुकली? प्रत्येकाने प्रत्येक नमुना एकदाच चाखला असेल तर हे कळायला मार्ग नाही. त्याचं वेगळेपण त्या ६.५ मध्येच मिसळून गेलं आहे. दुसऱ्या दिवशी, नवे तीन आकडी कोड घालून, त्याच आठ जणांना तोच गूळ पुन्हा द्यावा लागतो. हे सांगितलं की बहुतेक पोरं म्हणतात, "सर, गूळ संपला." आणि त्या गुळाचं गुऱ्हाळ तर मार्चमध्येच बंद झालेलं असतं.