भाडेकरार चालू असताना घरमालक किंवा भाडेकरू वारला, तर पुढे काय?

ठाणे-नवी मुंबईत फ्लॅट भाड्याने देताना बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. हा राहण्याचा वैयक्तिक परवाना आहे, तो वारसांकडे आपोआप जात नाही. पागडीचं किंवा जुन्या भाडेकरूचं घर वेगळं: तिथे भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 भाडेकरूच मानतो. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि तिथेच घोळ होतो.

मालक वारल्यावर बहुतेक अर्ज अडतात ते एका कागदावर. मुलगा वडिलांनी दिलेलं कुलमुखत्यारपत्र घेऊन नवा करार नोंदवायला येतो. ते वडिलांबरोबरच संपलेलं असतं, नोटरी असो वा नोंदणीकृत. सोसायटीतलं नामनिर्देशनही पुरत नाही, कारण नॉमिनी वारसांच्या वतीने घर सांभाळतो, तेवढ्याने मालक होत नाही.

समजा, घोडबंदर रोडवरचा फ्लॅट आहे, भाडं 20,000, अनामत 1,00,000. मालक वारले, मागे पत्नी आणि दोन मुलं, मृत्युपत्र नाही. तर नव्या करारात तिघांनीही मालक म्हणून यावं किंवा दोघांनी तिसऱ्याला नवं मुखत्यारपत्र द्यावं. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र ठेवा. जुनी अनामत नव्या मालकांकडे जमा धरल्याचं वाक्य करारात हवंच; ते राहिलं की घर सोडताना ‘आम्ही घेतलेच नाहीत’ हे ऐकावं लागतं. वर्षभराच्या कराराला मुद्रांक शुल्क 0.25 टक्के: वर्षाचं भाडं 2,40,000 अधिक अनामतीवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 10,000, म्हणजे अडीच लाखांवर 625 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. नंतर पोलिसांना नव्या कराराची माहिती द्या. एवढ्यासाठी करार टाळू नका.

मधल्या काळात भाडं थांबवू नका, पण जो येईल त्याच्या हातात रोखही देऊ नका. मृताचं खातं बँकेने गोठवलं असेल तर सर्व वारसांच्या सहीचं पत्र मागा: भाडं कोणाच्या खात्यात भरायचं? पत्र येईपर्यंत ‘रक्कम तयार आहे’ असं लेखी कळवून ठेवा.

लिव्ह अँड लायसन्सवरचा भाडेकरू वारला, तर त्याच्या पत्नीला उरलेले महिने राहण्याचा हक्क सांगता येत नाही. मालकाची तयारी असेल तर तिच्या नावाने नवा करार करावा. पती-पत्नी दोघांच्याही नावाने करार असेल तर बरीच अडचण टळते, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही नावं घाला. घर सोडायचं ठरलं तरी सामान हलवायला रास्त मुदत द्यावी लागते; मालकाने कुलूप बदलणं बेकायदा. अनामत मात्र थकबाकी वजा करून सर्व वारसांच्या पावतीवरच परत करा. एकट्या भावाला दिली आणि नंतर पत्नीने मागितली, तर मालकाला ती पुन्हा भरावी लागू शकते.