परवाना एक, जागा दुसरी: नागपुरातल्या पथविक्रेत्याच्या अर्जामागचा इतिहास

महापालिकेच्या झोन कार्यालयात ठेलेवाला अर्ज घेऊन जातो तेव्हा त्याच्या मनात मागणी एकच असते: "मी इथे बसतो, मला इथला परवाना द्या." कायद्याच्या लेखी मात्र या दोन मागण्या आहेत. रस्त्यावर माल विकण्याचा हक्क ही एक, आणि अमुक चौकात, अमुक झाडाखाली बसण्याचा हक्क ही दुसरी. अर्जांचा बहुतेक घोळ या दोन गोष्टी एकच समजल्याने होतो, आणि ही फारकत आजची नाही.

1989 पर्यंत रस्त्यावरची विक्री महापालिकेच्या मर्जीवर चालायची. विना परवाना मांडलेला माल सूचना न देता उचलण्याचा अधिकार महाराष्ट्रातल्या महापालिका कायद्याच्या कलम 231 मध्ये आजही आहे. त्या वर्षी दिल्लीच्या जनपथवर कपडे विकणाऱ्या सोदन सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की, फुटपाथवर धंदा करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(छ) खालचा हक्क आहे. नियम घालता येतील, पण सरसकट नाकारता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केले की ठरावीक जागेवर कुणाचा मूलभूत हक्क नाही. धंद्याचा हक्क मिळाला, जागेचा मिळायचा राहिला. पुढचा सगळा गुंता या वाक्यातून निघाला आहे.

2004 आणि 2009 ची राष्ट्रीय धोरणे आली, पण धोरण बंधनकारक नव्हते. 2010 मध्ये गेंदा राम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा करा असे सरकारला बजावले आणि त्यासाठी मुदतही घातली. शेवटी 1 मे 2014 पासून पथविक्रेता कायदा लागू झाला. महाराष्ट्राचे नियम 2016 मध्ये आणि योजना 2017 मध्ये आली. या कायद्याने जागेचा प्रश्न अर्जावर न सोडता सर्वेक्षण आणि आराखडा यांवर टाकला. म्हणून आज फक्त अर्ज करून जागा मिळत नाही.

कायद्याचा क्रम असा आहे. आधी सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण, जे दर पाच वर्षांनी व्हायला हवे. मग नगर पथविक्रेता समिती विक्री प्रमाणपत्र देते. आयुक्त या समितीचे अध्यक्ष असतात आणि किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असतात. जागा त्यानंतर विक्री क्षेत्रांच्या आराखड्यातून ठरते. संख्येची मर्यादा लोकसंख्येच्या 2.5 टक्के आहे. 2011 च्या जनगणनेतले साधारण 24 लाख नागपूरकर धरले तर ती 60 हजारांच्या आसपास येते. शहराला ही मर्यादा मोठी वाटेल, पण सीताबर्डीसारख्या ठिकाणी खरी अडचण असते ती त्या क्षेत्रात किती ठेले मावतात याची. विक्रेते जास्त निघाले तर सोडत निघते, आणि ज्यांची चिठ्ठी निघत नाही त्यांना शेजारच्या विक्री क्षेत्रात सामावून घ्यावे लागते. त्यांना बेदखल करायचे असे कायदा कुठेही म्हणत नाही.

एक प्रकरण समजून घेऊ. एक बाई धंतोली झोनमध्ये संध्याकाळी संत्री-मोसंबीचा ठेला लावतात. सकाळी तोच ठेला त्यांचे यजमान वस्तीत फिरवतात. सर्वेक्षण करणारा कर्मचारी सकाळी आला, ठेल्याला चाके पाहिली, यजमानांचा फोटो घेतला आणि रकान्यात 'फिरता' लिहून गेला. प्रमाणपत्र आले ते यजमानांच्या नावाने, फिरत्या विक्रेत्याचे. संध्याकाळची जागा, जिच्यावर घर चालते, ती कागदावर आलीच नाही. पुढे त्या चौकाचा आराखडा होताना तिथे बसणाऱ्यांच्या यादीत हे घर नसते. चूक एका रकान्याची असते, पण ती उमगते चौक हातातून गेल्यावर.

म्हणून सर्वेक्षणाच्या वेळी दोन गोष्टी बघून घ्याव्यात. प्रकार 'स्थिर' लिहिला आहे का, आणि फोटो विक्रीच्या जागेवरच, ओळखीची खूण दिसेल असा घेतला आहे का. नाव त्याच व्यक्तीचे असावे जी रोज बसते. धंदा स्वतः किंवा घरच्यांमार्फत करीन, उपजीविकेचे दुसरे साधन नाही आणि प्रमाणपत्र भाड्याने देणार नाही असे हमीपत्र अर्जदाराला द्यावे लागते. विक्रेत्याचा मृत्यू झाला किंवा कायमचे अपंगत्व आले, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत जोडीदार किंवा अवलंबून असलेले मूल धंदा चालवू शकते.

जागेचा पुरावा म्हणून सर्वांत उपयोगाचे कागद बहुतेक लोक फेकून देतात: बाजार फीच्या जुन्या पावत्या आणि अतिक्रमण पथकाने केलेल्या दंडाच्या पावत्या. दंडाची पावती अपमानाची वाटते, पण त्या तारखेला तुम्ही त्या चौकात होतात हे त्याच कागदावरून सिद्ध होते. महाराष्ट्राच्या योजनेत अधिवास प्रमाणपत्रही मागितले जाते. छिंदवाडा, बालाघाटकडून येऊन इथे स्थिरावलेल्यांचे अर्ज बहुधा इथेच अडतात, कारण त्यासाठी राज्यातला 15 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मुलांचा शाळेचा दाखला, जुने रेशनकार्ड, मतदार यादीतले नाव अशी साखळी आधीच जुळवून ठेवावी.

2020 पासून आणखी एक गैरसमज पसरला आहे. पीएम स्वनिधीच्या 10 हजारांच्या कर्जासाठी सर्वेक्षणातून सुटलेल्यांना महापालिकेकडून शिफारसपत्र मिळत असे. अनेकांनी ते लॅमिनेट करून ठेल्याला टांगले. पण शिफारसपत्र कर्जासाठी असते. विक्री प्रमाणपत्राची जागा ते घेत नाही.

मग प्रमाणपत्र हातात नसताना संरक्षण काय? सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवता येत नाही, असे कलम 3 सांगते. शिवाय पहिल्या अनुसूचीनुसार सर्वेक्षण आणि आराखडा होईपर्यंत कोणतेही क्षेत्र 'ना-विक्री' घोषित करता येत नाही. सर्वेक्षणात आढळलेला जुना, नैसर्गिक बाजार तर त्यानंतरही 'ना-विक्री' करता येत नाही. बुधवारी, मंगळवारी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बाजारांच्या शहरात ही तरतूद फार मोलाची आहे, आणि तिचा आधार फार कमी वेळा घेतला जातो. माल जप्त झाला तर जागेवरच यादी मागावी: शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत द्यावा लागतो. दुसरीकडे हलवायचे असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते.

वरच्या प्रकरणातल्या बाईंनी समितीच्या कार्यालयात लेखी दुरुस्ती मागायची, सोबत संध्याकाळच्या जागेचे तारखेसह फोटो आणि दंडाच्या पावत्यांच्या प्रती जोडायच्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्यायचा. प्रमाणपत्र नाकारले किंवा रद्द केले तर कलम 11 खाली महापालिकेकडे अपील आहे. ते मुदतीत करावे लागते, म्हणून नकाराचा आदेश तोंडी ऐकून परत न फिरता लेखी मागून घ्यावा. इतर तक्रारींसाठी कलम 20 खाली माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती आहे. तिच्याकडे जायलाही शिक्का असलेला तोच कागद लागतो.